दरम्यान दुपार होते

निवृत्तीच्या तयारीचा विषय निघाला की गाडी पैशांवर येते आणि तिथेच थांबते. पेन्शन किती बसेल, फंड कुठे ठेवायचा, आजारपणाची सोय काय. हे सगळं हवंच, त्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही. पण नोकरी पगाराबरोबर आणखीही काही देत असते. ते पगाराच्या चिठ्ठीवर कधी छापलेलं नसतं, त्यामुळे ते बंद झालं तरी लगेच कळत नाही. कळतं ते काही महिन्यांनी, आणि तेव्हाही नेमकं काय गेलंय हे बोट ठेवून सांगता येत नाही.

मी आयुष्यभर नर्स होते, शेवटची बरीच वर्षं वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, एका कारखान्यात मेंटेनन्स विभागाचा प्रमुख होता. आम्ही दोघं थोड्या अंतराने निवृत्त झालो. इथे मी मुख्यतः दादाबद्दल लिहिणार आहे, कारण त्याचं जास्त बिनसलं आणि ते कसकसं सावरत गेलं हे मी जवळून पाहिलं. त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही, पण नुसतं 'वेळ जात नाही' असं लिहू नकोस. वेळ जातो. कुठे जातो ते कळत नाही, हा त्रास आहे."

पहिले काही महिने फार चांगले गेले. रॉबर्ट ॲचली नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले होते. त्यात आधी नवलाईचा काळ येतो, मग भ्रमनिरासाचा, मग नव्याने मांडामांड आणि शेवटी स्थिरता. प्रत्येकजण हे सगळे टप्पे ओलांडतोच असं नाही आणि कुठला टप्पा किती दिवसांचा हेही ठरलेलं नसतं, असं त्याने स्वतःच स्पष्ट केलं होतं. पण दादाच्या बाबतीत पहिले दोन टप्पे अगदी सरळ ओळखता येत होते. त्याने घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक पंखा, प्रत्येक दाराची बिजागरी दुरुस्त केली. वर्षानुवर्षं राहून गेलेले प्रवास केले. पोटभर झोपला. मग दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलं नाही, आणि तिथून पुढे उतरण लागली.

वहिनीने मला एक गोष्ट सांगितली. दादाचा फोन रात्री उशाशी असायचा. कारखान्यात रात्रपाळीला काही बंद पडलं की तो वाजायचा, दादा अर्धवट झोपेत दोन प्रश्न विचारायचा आणि बहुतेक वेळा फोनवरच दुखणं ओळखायचा. नाही ओळखता आलं तर कपडे चढवून निघायचा. निवृत्तीनंतरही फोन उशाशीच राहिला. रात्री कधीतरी तो उठून बसायचा, फोन उचलून बघायचा आणि परत ठेवायचा. वहिनी म्हणाली, "वाजत होता तेव्हा कुरकुर करायचे. आता वाजत नाही म्हणून झोप लागत नाही."

हे फक्त दादाचं नाही. बहुतेक लोकांचं निवृत्तीनंतरचं समाधान फारसं घसरत नाही, हे मानलंच पाहिजे. अनेकांना निवृत्ती मानवते. ज्यांचं काम कष्टाचं, अपमानाचं किंवा नुसतं कंटाळवाणं होतं, त्यांना तर ती सुटकाच वाटते. घसरण होते ती मुख्यतः दोन प्रकारच्या माणसांची. एक, ज्यांची नोकरी मनाविरुद्ध किंवा अचानक सुटते. दुसरे, ज्यांची सगळी ओळख त्या एका कामात गुंतलेली असते. दादा दुसऱ्या प्रकारातला. अशा माणसाला लोक सांगतात, "एखादा छंद लावून घ्या." हा सल्ला मला अपुरा वाटतो. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल नावाच्या गावातली कापड गिरणी बंद पडली. सगळं गाव त्या एकाच गिरणीवर जगत होतं. काही तरुण संशोधक तिथे गेले. त्यांत पंचविशीच्या आसपासची मारी याहोडा होती, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल होते. त्यांनी १९३३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वाटलं होतं की हातात एवढा मोकळा वेळ आल्यावर माणसं निदान वाचतील, सभांना जातील, संघटित होतील. झालं उलटंच. गावच्या वाचनालयाने वर्गणीही काढून टाकली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी गावच्या मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालायचे, वाटेत पुन्हापुन्हा थांबायचे. बायका भराभर जायच्या, कारण नोकरी त्यांचीही गेली असली तरी घर, मुलं आणि चूल सुटलेली नव्हती.

त्या अभ्यासातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुरुषांना दिवसभरात तासातासाला काय केलं ते लिहायला सांगितलं होतं. त्यांना सकाळी उठणं आठवायचं, मुलांना शाळेत सोडणं आठवायचं, जेवण आठवायचं. मधल्या तासांत काय झालं ते सांगताच यायचं नाही. एकाने त्या रिकाम्या जागी लिहिलं होतं : दरम्यान दुपार होते.

दादा जे म्हणत होता, ते हेच.

मारिएनथालचे लोक गरिबीने गांजलेले होते. निवृत्त माणसाला पेन्शन असते, मान असतो, आणि त्याचं काम काढून घेतलेलं नसतं, ते रीतसर संपलेलं असतं. तेव्हा दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण याहोडाने पुढे अनेक वर्षं या प्रश्नाचा पाठपुरावा करून जी मांडणी केली, ती निवृत्तीलाही लागू पडते. तिचं म्हणणं असं की माणूस नोकरी करतो पगारासाठी, पण नोकरी त्याला न मागता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला वेळेची चौकट देते. घराबाहेरच्या माणसांशी नेमाने गाठ घालून देते. एकट्याने गाठता येणार नाही अशा मोठ्या उद्दिष्टात वाटा देते. समाजात एक जागा, एक ओळख देते. आणि रोज काहीतरी करायला भाग पाडते. पेन्शन भरपाई करते ती फक्त पगाराची. उरलेल्या पाच गोष्टींची सोय एकेक करून आपली आपल्यालाच करावी लागते. छंद त्यांतली शेवटची गोष्ट देतो, म्हणजे करायला काहीतरी. बाकी चार तशाच रिकाम्या राहतात. म्हणून उत्तम चित्रं काढणारा निवृत्त माणूसही दुपारी चारला खिडकीशी उदास बसलेला दिसतो.

दादाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला व्याख्यानं आवडत नाहीत. त्याला मोजमाप आवडतं. म्हणून मी एक वही आखून दिली, वॉर्डात पेशंटचा चार्ट आखायचे तशी. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक ओळ. त्या तासात काय केलं, कुणाबरोबर केलं, आणि पुढे दहापैकी दोन गुण : किती बरं वाटलं आणि काही जमल्याचं समाधान किती मिळालं. ही पद्धत माझी नाही. नैराश्यावरच्या उपचारांत १९७०च्या दशकापासून अशी नोंद वापरतात, आणि दोन गुण वेगळे ठेवायला सबळ कारण आहे. टीव्ही बघताना बरं वाटू शकतं, पण काही जमल्यासारखं वाटत नाही. बँकेची कटकट निस्तरताना बरं मुळीच वाटत नाही, पण झाल्यावर समाधान वाटतं. दोन्ही एकत्र धरले तर दिवसाचं खरं चित्र दिसत नाही. अट एवढीच की नोंद त्या त्या वेळी करायची. रात्री बसून आठवून लिहिलं की सगळा दिवस रात्रीच्या मूडच्या रंगाचा होतो.

दादाने आठवडाभर वही प्रामाणिकपणे भरली. मग आम्ही दोघं ती घेऊन बसलो.

सोमवारी तो सव्वासहाला उठला होता, मंगळवारी सव्वाआठला, बुधवारी सातला, गुरुवारी परत आठच्या पुढे. दुपारची झोप दोनला सुरू होऊन साडेचारपर्यंत चालायची, आणि ज्या दिवशी ती लांबली त्या रात्री एकपर्यंत तो जागा होता. सकाळी अकरा ते एक टीव्हीवर बातम्या, गुण दोन आणि एक. 'कुणाबरोबर' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'एकटा' किंवा 'ही' असं लिहिलेलं. घराबाहेरच्या कुणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणं आठवड्यात दोनच दिवशी झालं होतं. आणि गुरुवारच्या एका ओळीत एकदम नऊ गुण. शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप अडकला होता, दादाने दोन तास बसून तो खोलला, साफ केला आणि चालू करून दिला.

मी म्हटलं, "दादा, हे नऊ बघ."

तो म्हणाला, "पण पंप काही रोज अडकत नाही."

"नाही ना. पण नऊ गुण कशाचे आहेत ते बघ. पंपाचे आहेत की कुणीतरी बोलवायला आलं त्याचे?"

तो बराच वेळ वही बघत राहिला. मग त्याने स्वतःच शोधून काढलं, आणि ते माझ्याही ध्यानात आलेलं नव्हतं. संपूर्ण आठवड्यात एकही ओळ अशी नव्हती, जिची वेळ दुसऱ्या कुणी ठरवली होती. सगळं त्याच्या मनावर. चालायला आता गेलं काय आणि तासाने गेलं काय, कुणाचं काही अडत नव्हतं. कामांची यादी त्याच्याकडे होती, बऱ्यापैकी लांब होती. पण त्या यादीतलं कुठलंच काम अमुक वाजता त्याची वाट बघत नव्हतं.

माझ्या मते निवृत्तीनंतरच्या दिनक्रमातलं मर्म हे आहे. लोक वेळापत्रक करतात ते कामांचं : सहा ते सात योगासनं, सात ते आठ वाचन, असं. ते पंधरा दिवस टिकतं. कामाच्या वेळेला आपल्याखेरीज कुणी साक्षीदार नसेल तर ती वेळ पुढे सरकते, मग आणखी सरकते, मग पुसट होते. आधी वेळा पक्क्या करायच्या आणि जमेल तिथे त्या वेळेला एक माणूस बांधून घ्यायचा. काम त्यानंतर.

यालाही आधार आहे. १९८८ मध्ये एलर्स, फ्रँक आणि कुप्फर या संशोधकांनी असं मांडलं की शरीरातलं घड्याळ नुसत्या उजेडावर चालत नाही. आपल्या आयुष्यातली माणसं आणि त्यांच्या ठरलेल्या वेळाही त्याला चावी देतात. नोकरी सुटली, जोडीदार गेला, की या वेळा मोडतात आणि त्यापाठोपाठ झोप, भूक आणि मन बिघडू शकतं. पुढे दोन वर्षांनी टिमथी मंक आणि सहकाऱ्यांनी हे मोजायला एक नोंदपत्र तयार केलं. त्याचं नंतर जे छोटं रूप वापरात आलं त्यात पाचच नोंदी आहेत : अंथरुणातून उठण्याची वेळ, दुसऱ्या माणसाशी पहिली गाठ पडण्याची वेळ, काम किंवा अभ्यास किंवा घरची जबाबदारी सुरू करण्याची वेळ, रात्रीच्या जेवणाची वेळ आणि झोपायला जाण्याची वेळ. नेहमीच्या वेळेच्या आधी-नंतर ४५ मिनिटांत गोष्ट घडली तर ती जमली असं धरायचं. हे नोंदपत्र मुळात मनाच्या गंभीर आजारांच्या उपचारासाठी वापरात आलं, निवृत्तांसाठी नाही. पण आम्ही त्याचा उपयोग आखणीला करून घेतला. त्यातली ४५ मिनिटांची सूट मला फार शहाणपणाची वाटते. घड्याळाच्या काट्यावर जगायचं नाही, पण दिवसाला कुठेतरी खुंटे हवेत.

पाचही खुंटे एकदम ठोकायचे नाहीत, हे मी पहिल्यांदा ठरवून टाकलं. सुरुवात फक्त उठण्याच्या वेळेने. सव्वासहा, आठवड्याचे सातही दिवस, रात्री झोप कितीला लागली याचा विचार न करता. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, झोप येईल तेव्हाच येते. उठण्याची वेळ मात्र हातात असते. रोज त्याच वेळी उठलं आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर घेतला की रात्रीची झोप हळूहळू आपल्या वेळेवर येते. जोडीला दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, तीही तीनच्या आत. पहिला आठवडा दादा चिडचिडा होता, डोळे जड, दुपारी पेंगलेला. वहिनीला वाटलं हे सोडून द्यावं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो रात्री साडेदहाला जांभया द्यायला लागला.

मग दुसरा खुंटा, पहिला माणूस. शेजारच्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि ते टाळत होते. दादाने त्यांना सांगितलं की मी पावणेसातला फाटकाशी येतो. आता न जाणं म्हणजे कुणालातरी ताटकळत ठेवणं. कारखान्यात ज्या माणसाने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही, त्याला तेवढं पुरलं. त्यांच्याशी गप्पा काय होतात असं मी विचारलं, तर म्हणाला, "विशेष काही नाही. त्यांचा गुडघा, माझा गुडघा." पण वहीत त्या तासाला सहा-सात गुण येऊ लागले.

तिसरा खुंटा सगळ्यांत अवघड होता, कारण कामाची वेळ पक्की करायची तर आधी काम हवं. दादा एका तंत्रशिक्षण संस्थेत गेला आणि 'मार्गदर्शन करतो' म्हणाला. त्यांनी आदराने एक व्याख्यान ठेवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढे काहीच झालं नाही. निवृत्त अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे सर्रास घडतं. माणूस आपल्या जुन्या हुद्द्याच्या उंचीवरून मदत देऊ करतो, आणि तेवढ्या उंचीवरची जागा कुठेच रिकामी नसते. रिकामी असते ती खालची, हाताने करण्याची जागा. काही आठवड्यांनी दादा परत गेला आणि तिथल्या वर्कशॉपमधल्या शिक्षकाला म्हणाला, "तुमच्याकडे मुलं जास्त आणि हात कमी आहेत. मी आठवड्यातून तीन दिवस दहा ते एक येतो. तुम्ही सांगाल ते करतो." शिक्षक त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. कारखान्यात दादाला सगळे 'साहेब' म्हणायचे, इथे पोरं 'काका' म्हणतात. पहिले काही दिवस त्याला हे खटकलं, हे त्याने वहीतच लिहून ठेवलंय.

एकदा मी बघायला गेले होते. एक मोटर चालू होती आणि दादा एका मुलीला बेअरिंगचा आवाज ऐकायला शिकवत होता. त्यासाठी त्याच्याकडे एक लांब स्क्रू-ड्रायव्हर असतो. त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर, म्हणजे न फिरणाऱ्या भागावर, घट्ट टेकवायचं आणि मुठीचा भाग कानापुढच्या हाडावर. आधी बाह्या वर, ओढणी बांधलेली, फिरणाऱ्या शाफ्टपासून हात लांब, हे त्याने स्वतः तपासलं. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. ग्रीस कमी झालं की आवाज बारीक आणि चिरका होतो. आतली गोळ्यांची वाट खराब झाली असेल तर ठराविक लयीत खडखड येते. मुलगी म्हणाली, "काका, मला नुसती घरघर ऐकू येते." दादाने शेजारच्या दुसऱ्या मोटरवर तिला तेच करायला लावलं आणि मग परत पहिल्यावर. तिसऱ्यांदा तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "यात टकटक आहे." दादा काहीच बोलला नाही, नुसता मान हलवत राहिला. हे त्याला चाळीस वर्षांत हळूहळू आलेलं होतं, आणि ते त्याच्या कानाबाहेर जायला आता वाट मिळाली होती.

याहोडाच्या पाच गोष्टी इथे लावून बघितल्या तर पाचही सापडतात. दहाची वेळ दुसऱ्याने ठरवलेली. माणसं आपल्या घरची नाहीत, आपल्या वयाचीही नाहीत. पोरं शिकून बाहेर पडतात, हे काम एकट्याचं नाही. ओळख आहे, जुन्या हुद्द्याची नसली तरी बेअरिंगवाल्या काकांची. आणि हाताला काम आहे. एकाच ठिकाणी पाचही मिळणं हा नशिबाचा भाग, सगळ्यांना तसं मिळेलच असं नाही. दोन-तीन ठिकाणांहून जमवावं लागलं तरी चालतं. कुठली गोष्ट अजून मिळत नाहीये हे मात्र माहीत असायला हवं.

माझं स्वतःचं वेगळं झालं. घरकामामुळे माझ्या दिवसाची चौकट मोडली नाही, मारिएनथालच्या बायकांसारखीच. गेलं ते दुसरं काहीतरी. "सिस्टर, जरा बघता का?" असं म्हणून माझा अंदाज कुणी विचारत नव्हतं. मी आता आठवड्यातून दोन संध्याकाळी, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांना शिकवते. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज कसं तपासायचं, दाबून न विरणारा लाल डाग दिसला तर काय समजायचं. त्या संध्याकाळी माझ्या निर्णयाला परत किंमत असते. पुरुषांना आणि बायकांना एकच सल्ला देऊन भागत नाही, हे मला यातून पटलं.

वहिनीबद्दल लिहिलं नाही तर हे अपुरं राहील. दादा घरी बसायला लागला तेव्हा घर ही तिची कामाची जागा होती, आणि त्या जागी एक रिकामा, अनुभवी मेंटेनन्स प्रमुख येऊन उभा राहिला. त्याने स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावले, धुण्याची वेळ सुचवली, गॅसची शेगडी 'चुकीच्या उंचीवर' असल्याचं सांगितलं. चांगल्या मनानेच. वहिनी एक दिवस माझ्याशी फोनवर रडली. म्हणाली, "ताई, यांना कारखाना नाही म्हणून आता मी कारखाना झालेय." आम्ही तिलाही वेगळी वही दिली. तिच्या वहीत दिसलं की सकाळी दहा ते एक हे तिचे दिवसातले एकमेव एकटीचे तास होते, ज्यात ती वाचायची, फोन करायची, काहीच न करता बसायची, आणि दादाच्या निवृत्तीनंतर तेच तिच्या हातून गेले होते. दादाच्या कामाची वेळ नेमकी दहा ते एक ठरली ती योगायोगाने नव्हे. दिनक्रम एका माणसाचा म्हणून आखला की तो दुसऱ्याच्या दिवसावर जाऊन आदळतो.

सगळं बसायला किती दिवस लागतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लंडनच्या ९६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजची एक नवी साधी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. पण कुणाला १८ दिवसांचा, तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही. हे निवृत्त माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. ज्याने आयुष्यभर खाडा केलेला नसतो, तो एक दिवस चुकला की 'मोडलंच आता' म्हणून सगळं सोडून देतो.

उलट टोकाची माणसंही मी पाहिली आहेत. डायरीत एक चौकोन रिकामा नाही, चार मंडळांवर पद, दिवसभर धावपळ, आणि भेटलं की 'पूर्वीपेक्षा जास्त बिझी आहे' हे पहिलं वाक्य. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड एकर्ट यांनी १९८६ मध्ये यावर लिहिलं होतं. निवृत्तांना आपला रिकामा वेळ लोकांपुढे समर्थनीय ठरवायचा असतो, म्हणून ते व्यग्रतेचाच आधार घेतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. दादाच्या दिवसात दुपारी एक ते पाच आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले. खुंटे पक्के असले की मधल्या रिकाम्या वेळाची भीती वाटत नाही. त्या वेळात तो कधी वाचतो, कधी नुसता पडून राहतो, आणि ते वहीत लिहायला त्याला संकोच वाटत नाही.

आता एक गोष्ट नर्स म्हणून सांगते, आणि ती नीट ऐकावी. प्रत्येक उदासी दिनक्रमाने बरी होत नाही. मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं, हे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, सलग दोन आठवडे टिकलं आणि जोडीला झोप, भूक, लक्ष लागणं बिघडलं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटू लागलं, तर डॉक्टरकडे जायचं. वहीतूनही हे ओळखता येतं. दादाच्या वहीत बाकी सगळं दोनवर असताना पंपाला नऊ मिळाले होते. म्हणजे आनंद घेण्याची ताकद शाबूत होती, तिला जागा मिळत नव्हती. पण माणसांत जाऊन, आवडीचं काम करूनही सगळ्या ओळी शून्य आणि एकवरच राहत असतील, तर गोष्ट वेगळी आहे. या वयात थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं, ऐकू कमी येत असल्यामुळे माणूस हळूहळू गप्पांतून मागे सरत असतो आणि घरच्यांना तो तुसडा झाल्यासारखा वाटतो. हे सगळं तपासता येतं आणि त्यावर उपाय आहेत. आणि जगण्यात अर्थ नाही, आपण नसलो तर बरं, असं कुणी एकदा जरी बोललं, तर ते निवृत्तीचं बोलणं समजून सोडून द्यायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची, आणि तोवर त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही.

दादाची जुनी ओळख पुसली गेलेली नाही, आणि ती पुसावी असंही मला वाटत नाही. जुन्या कारखान्यातून अजून कधीमधी एखादा फोन येतो आणि तो ताठ होऊन बसतो. सुरुवातीला तोच काही ना काही निमित्त काढून तिकडे फोन करायचा, आणि त्याच्या जागी आलेला माणूस सौजन्याने पण थोडक्यात बोलायचा. त्या फोननंतरचे तास वहीत सगळ्यांत वाईट असायचे. ते बघून त्याने स्वतःहून फोन करणं थांबवलं. आलेला मात्र घेतो.

सध्या आमच्यापुढे प्रश्न आहे तो सुट्ट्यांचा. संस्था बंद असते तेव्हा तिसरा खुंटा निघतो आणि आठ-दहा दिवसांत उठण्याची वेळही ढिली पडते, हे गेल्या मोठ्या सुट्टीतल्या वहीत स्पष्ट दिसलं. या वेळी सुट्टी लागण्याच्या महिनाभर आधीच आम्ही बसलो. वर्कशॉपमधल्या त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना जुन्या मोटरी उघडून शिकायच्या आहेत. दादाने घरामागची पडवी रिकामी केली आहे आणि त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहाची वेळ दिली आहे. पडवीत एक वाजता काम थांबलंच पाहिजे, अशी अट वहिनीने घातली आहे.